दिवाळीच्या पत्रात हप्ता नसतो

वसुबारसेच्या संध्याकाळी माझ्या घरात दोन गोष्टी एकदम चालू असतात. गॅसवर चिवड्याच्या पोह्यांची कढई आणि जेवणाच्या टेबलावर पोस्टकार्डांचा गठ्ठा. गठ्ठ्याशेजारी माझी लांबट वही. तिच्यात चारशेच्या आसपास घरं आहेत. घरं म्हणते, कारण पॉलिसी माणसाची असली तरी ती राहते घरात. कपाटातल्या लॉकरमध्ये, धान्याच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत, नाहीतर देवघराच्या फडताळात पंचांगाखाली.

मी बार्शीत 2001 पासून विमा एजंट आहे. पोस्टकार्डं का, असं मुलगा दर वर्षी विचारतो. त्याचं खरं उत्तर फारसं भावुक नाही. सुरुवातीच्या एका दिवाळीत मी छापखान्यातून पाचशे पोस्टकार्डांवर शुभेच्छा छापून घेतल्या होत्या. मोठ्या ऐटीत पोस्टात गेले, तर खिडकीतल्या काकांनी एक कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "ताई, पन्नास पैशांच्या कार्डावर मजकूर हातानं लिहायचा. छापील असेल तर सहा रुपयांचं कार्ड लागतं. हे असंच टाकलंत तर पोस्टमन ज्याच्या त्याच्या दारात दंड मागेल." म्हणजे माझ्या शुभेच्छा स्वीकारायला लोकांना पैसे मोजावे लागले असते. छापलेली कार्डं घरी आणली, पुढं कित्येक वर्षं किराणाच्या याद्या त्यांच्यावर झाल्या. आणि हातानं लिहायची सवय लागली.

त्या छापील कार्डावर काय होतं ते आजही मला तोंडपाठ आहे, कारण याद्या करताना रोज दिसायचं. "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी व मुलांच्या शिक्षणासाठी आकर्षक योजना उपलब्ध. आपल्या ओळखीत कोणी इच्छुक असल्यास अवश्य कळवावे." खाली माझं नाव, त्याखाली माझ्या क्लबचं नाव. एजंटांना धंद्याच्या आकड्यावर क्लबची मेंबरशिप मिळते आणि तेव्हा मला ती नुकतीच मिळाली होती. चार ओळींत शुभेच्छेची एक, विक्रीच्या दोन आणि फुशारकीची एक.

पुढच्या वीसेक वर्षांत मी त्या कार्डातून एकेक ओळ काढत गेले. कुणी शिकवलं नाही, ठेचा लागत गेल्या.

पहिली ओळ गेली ती योजनांची. भाऊबीजेला माझ्या धाकट्या नणंदेच्या सासरी गेले होते. तिथं दारामागच्या खिळ्याला माझंच कार्ड टोचलेलं, आणि तिचे सासरे दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, "एजंटांची दिवाळी लवकर सुरू होते." मी आत आले तसे ते गप्प झाले. फराळाची ताटली समोर आली तेव्हा चकली तोंडात फिरत राहिली. त्यांचं चुकलं नव्हतं. ज्या पत्राच्या शेवटी काहीतरी मागितलेलं असतं ते पत्र माणूस शेवटापासून वाचतो. वरच्या शुभेच्छा त्याला दिसतच नाहीत.

ओळखीतलं कोणी कळवा, ही ओळ गेली. क्लबचं नाव गेलं. धंद्याचा आकडा ग्राहकाला सांगायचा म्हणजे त्याच्याच हप्त्यावर मिळालेलं पदक त्यालाच दाखवायचं.

मग मी उलट्या टोकाला गेले. विकायचं नाही तर निदान कामाचं काही लिहू, असं वाटलं. एका वर्षी ज्यांची मुदत संपत आली होती त्यांच्या कार्डावर प्रेमानं लिहिलं, "आपली पॉलिसी येत्या मार्चमध्ये पूर्ण होत आहे, अभिनंदन." आणि खाली रक्कम. सोय म्हणून. आता पोस्टकार्ड उघडं असतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण सुचलं नाही. वैरागकडच्या एका मोठ्या खटल्याच्या घरात ते कार्ड पडवीत पडलं आणि पॉलिसी ज्याची होती त्याच्याआधी थोरल्या भावानं वाचलं. तीन लाखांची गोष्ट. धाकट्यानं ती वीस वर्षं गुपचूप भरली होती, मुलीच्या नावानं बाजूला राहावी म्हणून. मार्च उगवायच्या आधीच त्या पैशांच्या घरात वाटण्या झाल्या. बोअरला इतके, पुतण्याच्या लग्नाला इतके. तो मला एका शब्दानंही बोलला नाही. मुदतीचा डिस्चार्ज फॉर्म सही करताना एवढंच म्हणाला, "ताई, बाँड मी बायकोलासुद्धा दाखवला नव्हता."

तेव्हापासून माझ्या कार्डावर पॉलिसीचा नंबर नाही, रक्कम नाही, तारीख नाही, "पॉलिसी" हा शब्दही नाही. कुणाचा विमा आहे ही गोष्ट त्याची आहे. ती माझ्या वहीत आहे म्हणून माझी होत नाही.

नॉमिनीचंही तसंच. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत आईचं नाव असतं. लग्न झालं म्हणून ते आपोआप बदलत नाही, अर्ज द्यावा लागतो. पॉलिसी बँकेला गहाण दिली, म्हणजे असाइन केली, तरी आता नॉमिनेशन रद्द होत नाही, पण बँकेचं येणं आधी फिटतं आणि उरलेलंच नॉमिनीला मिळतं, हे तर शंभरातल्या पाच जणांनाही ठाऊक नसेल. ही माहिती लोकांना मिळायलाच हवी. मी दोन वर्षं ती दिवाळीच्या कार्डावर एका ओळीत लिहून पाहिली, "आपल्या नॉमिनीचे नाव एकदा तपासून घ्यावे." चांगलीच ओळ की. पण लोकांनी तिचा अर्थ काढला, ताई आता घरी येणार, कागद बघणार आणि कागद बघता बघता नवीन फॉर्म काढणार. शिवाय सणाच्या दिवशी, दारात रांगोळी असताना, "तुम्ही गेल्यावर पैसे कुणाला" हे कोण वाचणार? आता ते काम मी जानेवारीत करते, कॅलेंडर द्यायला जाते तेव्हा. दारातच विचारते, कॅलेंडर हातात असतं, चहा घेत नाही. कामाच्या पत्राला वेगळा महिना द्यावा, एवढी अक्कल मला यायला बारा वर्षं लागली.

मिठाईच्या डब्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की अजून कान गरम होतात. मधल्या तेजीच्या वर्षांत मी मोठ्या हप्त्याच्या लोकांना सुकामेव्याचे डबे दिले आणि बाकीच्यांना नुसतं कार्ड. एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दोन दारांत. त्यातली एक बाई धुणीभांडी करून तिमाही हप्ता भरायची, एकदाही चुकली नव्हती. तिनं काही म्हटलं नाही, पण तिच्या मुलानं दारातून डबा मोजला ते मी पाहिलं. पुन्हा दिले नाहीत. विमा कायद्याच्या 41व्या कलमात एजंटानं आपल्या कमिशनातून ग्राहकाला सूट देऊन पॉलिसी घ्यायला किंवा चालू ठेवायला भुलवायचं नाही, असं आहे. "पहिला हप्ता तुम्हीच भरा की" म्हणणाऱ्यांना मी ते कलम ऐकवायची. आणि दिवाळीचा डबा हप्त्याच्या आकड्यावर देत होते. कायद्यानं तो गुन्हा ठरला असता की नाही हे वकील सांगतील. त्या मुलाच्या नजरेत ठरला होता.

मग व्हॉट्सॲप आलं. गुडघे दुखायला लागले होते, हाताला कळा यायच्या, म्हणून एका वर्षी पोस्टकार्डं बंद करून ब्रॉडकास्ट केला. दिव्याचं चित्र, "आपणास व आपल्या परिवारास सुखसमृद्धीची जावो". दोनशे छप्पन नावांची एक यादी होते, अशा दोन केल्या आणि निर्धास्त झाले. पहिली गंमत अशी, की ज्यांच्या फोनमध्ये माझा नंबर सेव्ह नाही त्यांना ब्रॉडकास्ट जातच नाही. म्हणजे ज्यांच्याशी ओळख पुसट होत चालली होती, नेमके तेच सुटले.

दुसरी गोष्ट गंमत नव्हती. धनत्रयोदशीच्या रात्री एका नंबरवरून उत्तर आलं: "ताई, हा फोन आता माझ्याजवळ असतो."

तो नंबर एका एसटी कंडक्टरांचा होता. ते आषाढात गेले होते. क्लेमचे फॉर्म मीच भरले होते, मृत्यूचा दाखला, मूळ बाँड, बायकोच्या पासबुकाची झेरॉक्स, कोरा रद्द केलेला चेक, सगळं मी स्वतः शाखेत नेऊन दिलं होतं. पैसे तिच्या खात्यात जमा झाले त्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं होतं. आणि दिवाळीत मी त्या गेलेल्या माणसाला सुखसमृद्धी चिंतली होती. वहीत त्यांच्या नावासमोर "क्लेम पूर्ण" लिहून मी पान उलटलं होतं. यादीतून नंबर काढायचा राहिला. मी तिला काय उत्तर द्यावं ते रात्रभर सुचलं नाही. सकाळी तिच्या घरी गेले. त्या वर्षी त्यांच्याकडं कढई चढणार नव्हती हे मला कळायला हवं होतं. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं त्या घरी फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. माझ्या हातात मात्र काहीच नव्हतं. मी रिकाम्या हातानं माफी मागायला गेले होते.

तेव्हापासून पोस्टकार्डं पुन्हा सुरू. आणि वहीत नवरात्र संपलं की मी एक काम करते. प्रत्येक नाव बोटानं खाली उतरत वाचते. कुणाच्या घरी या वर्षी कोण गेलं, कुणाकडं आजारपण आहे, कुणाच्या घराला आग लागली. त्या नावांपुढं पेन्सिलीनं एक टिंब. टिंबाच्या घरांना "शुभ दीपावली" जात नाही. आमचे काही ग्राहक मुसलमान आहेत, त्यांना माझं कार्ड ईदला जातं. काही घरं बौद्ध आहेत. त्यांना लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा पाठवणं हे प्रेम नव्हे, नुसता आळस. त्यांचं कार्ड धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमाराला टाकते.

या सगळ्यातून काय मिळतं, असं माझ्या शाखेतली नवी मुलं विचारतात. त्यांना पॉलिसींचा आकडा हवा असतो, आणि तो माझ्याकडं नाही. एक माणूस सांगते.

उपळाई रोडला एका रिक्षावाल्याची पॉलिसी होती. विमा रक्कम दोन लाख, मुदत वीस वर्षं, वार्षिक हप्ता. अकरा हप्ते नीट भरले. मग रिक्षाचं कर्ज, मुलीचं ऑपरेशन, आणि बारावा हप्ता चुकला. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तीही गेली. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा त्यानं उचलला नाही. त्यानंतर तो मला लांबून पाहिलं की रिक्षा दुसऱ्या बोळात घालायचा. तीन वर्षं. एजंटाला ही माणसं ओळखू येतात. ती रागावलेली नसतात, ओशाळलेली असतात. त्यांना वाटत असतं, मी भेटले की हप्त्याचंच बोलणार.

त्याला दर दिवाळीला माझं कार्ड जात होतं. त्यात हप्ता नव्हताच. कुणाच्याच कार्डात नव्हता. तिसऱ्या वर्षी पाडव्याच्या दुपारी तो दारात उभा. बसला नाही. म्हणाला, "ताई, तुमच्याकडं तोंड दाखवायला लाज वाटत होती बघा. अकरा वर्षांचं पैसं बुडालं, ते आता कुणाला सांगायचं."

मी त्याला आधी बसवलं, मग वही काढली. पैसे बुडाले नव्हते. इतके हप्ते भरल्यावर पॉलिसी मरत नाही, ती लहान होऊन जिवंत राहते. आम्ही तिला पेड-अप म्हणतो. हिशेब साधा आहे: वीसपैकी अकरा हप्ते भरले, म्हणजे दोन लाखांच्या वीस भागांतले अकरा भाग. एक लाख दहा हजार. पुढं एक पैसा भरला नाही तरी मुदत संपल्यावर ते मिळणार, मधे काही झालं तर बायकोला मिळणार, आणि पॉलिसी चालू असताना जमा झालेला बोनस त्यावर वेगळा. नवा बोनस मात्र थांबतो. हे मी त्याला कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यानं बराच वेळ पाहिला. तीन वर्षं तो शून्य धरून चालला होता, आणि त्या शून्यावर त्यानं बचत गटातून कर्जही काढून ठेवलं होतं.

दुसरा रस्ताही सांगितला. पहिला न भरलेला हप्ता ज्या तारखेचा, तिथपासून पाच वर्षांच्या आत थकबाकी व्याजासह भरून आणि तब्येत ठीक असल्याचं लिहून देऊन पॉलिसी पुन्हा पूर्ण चालू करता येते. लागलं तर तपासणीही होते. आणि हेही सांगितलं, की चालू केलीस तर त्या हप्त्यांवर मला कमिशन मिळेल, तेव्हा माझा सल्ला त्या हिशेबानं ऐक. तो हसला. व्याजासकट चार हप्ते एकदम भरायची त्याची ताकद नव्हती. पेड-अपच राहू द्या म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं. चहा झाला, जाताना त्यानं माझी बंद पडलेली स्कूटी सुरू करून दिली.

धंद्याच्या हिशेबात त्या भेटीत काहीच झालं नाही. पण तो आता बोळ बदलत नाही.

2025 ची दिवाळी जरा अवघड गेली. 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला. विकणाऱ्याला याहून चांगलं निमित्त कुठलं? दिवाळी महिन्याभरावर, आणि हातात खरी बातमी. सगळ्यांच्या फोनवर दिव्यांच्या चित्रांखाली "झिरो जीएसटी" नाचायला लागलं. माझ्याकडंही तयार चित्रं आली, नुसतं नाव घालायचं बाकी. मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

पण ही बातमी जुन्या ग्राहकाच्याही खिशाची होती, म्हणून दडवायचीही नव्हती. मग सप्टेंबर संपतानाच मी एक साधा मजकूर वेगळा पाठवला: तुमच्या पुढच्या हप्त्यात टॅक्स लागणार नाही, त्यामुळे रक्कम थोडी कमी दिसेल, विमा तेवढाच आहे. बस. तरी एका निवृत्त गुरुजींचा फोन आलाच. चोवीस हजारांच्या हप्त्यावर त्यांना सव्वादोन टक्क्यांनी 540 रुपये टॅक्स पडायचा, तो गेला. 24,540 च्या जागी 24,000 दिसल्यावर त्यांना वाटलं, कंपनीनं विमाच कापला. दिवाळीच्या चित्राखाली ही बातमी घातली असती, तर गुरुजींनी ती जाहिरात समजून पुसून टाकली असती आणि 540 रुपयांचा घोर दिवाळीभर पोसला असता.

त्याच सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, पलीकडं परांडा, पाणी घराघरांत. बार्शी तालुक्यातही शेतं वाहून गेली. सोयाबीन उभं सडलं. माझ्या वहीत एका पानावर सलग सात टिंबं पडली. पेन्सिलीनं टिंब काढताना टोक मोडलं, तेव्हा उठून पाणी प्यायले.

त्या सात घरांना काय लिहावं? "शुभ" लिहवत नव्हतं. न लिहावं तर तेही बरं नव्हतं. पुरानंतर विसरले गेल्यासारखं वाटतं माणसाला. शेवटी ती सात पत्रं पोस्टकार्डावर लिहिलीच नाहीत. बंद पाकिटं घेतली, कारण त्यात मला एक खासगी ओळ घालायची होती: "बाँड भिजला, वाहून गेला असेल तर काळजी करू नका. नंबर माझ्या वहीत आहे. डुप्लिकेट बाँड मिळतो, घाई नाही, तुम्हाला जमेल तेव्हा बघू." कागदपत्रांची यादी दिली नाही. ज्याच्या घरात गाळ आहे त्याला स्टॅम्प पेपरचं काय सांगायचं? त्यातल्या दोघांनी दिवाळीनंतर फोन केला. एकानं बाँडचं काही विचारलंच नाही, फक्त म्हैस वाचली म्हणून सांगितलं.

आठवं टिंब पुराचं नव्हतं. गावाबाहेरच्या वस्तीवरची एक बाई, नवरा श्रावणात गेला. त्या घराला मी पत्र लिहिलं नाही. पाडव्याला चिवडा, चार करंज्या आणि लाडू स्टीलच्या डब्यात भरले आणि स्कूटीवर टाकून गेले. क्लेमचं काम आधीच संपलं होतं, त्याचा विषय निघाला नाही. ती ओसरीवर बसली होती, मीही बसले. धाकट्या पोरानं उभ्या उभ्या लाडू खाल्ला. ती म्हणाली, यंदा सीताफळं मात्र लागलीत, पावसानं थोडी फुटली, पण गोड आहेत. मग डबा घेऊन आत गेली.

आमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. पण त्या घरात या वर्षी काही केलेलंच नव्हतं, म्हणून मी म्हणाले, डबा राहू दे, मी नंतर नेईन. तेवढ्यात ती बाहेर आली. डबा घासून पुसून आणला होता, आणि झाकण बसत नव्हतं. आत तीन सीताफळं होती, वरचं थोडं उकललेलं.